होल्ड, नोट, ट्रान्सफर: एका पानाच्या तक्त्याच्या प्रकल्प नोंदी

2 जून 2025

आमचं ऑफिस ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये. घरगुती पाणी शुद्धीकरण यंत्रांच्या सर्व्हिसचे कॉल इथे घेतले जातात. तिकिटं झेनडेस्कवर आणि फोन फ्रीपीबीएक्सवर, म्हणजे आतून एस्टरिस्कवर. नवीन बॅच दोन आठवड्यांत फ्लोअरवर येतेय. त्याआधी प्रत्येक डेस्कवर एक पान ठेवायचं ठरलंय, ज्यावर कॉल होल्डवर टाकणं, दुसऱ्याकडे जोडणं आणि नोट टाकणं एवढंच असेल. हे काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या कुठल्या सेंटरमध्ये कुणी असंच पान करायला घेतलं तर उपयोगी पडेल म्हणून इथे लिहून ठेवतेय.

सध्या ट्रेनिंगची एक जाडजूड पीडीएफ आहे. ती पहिल्या दिवशी उघडली जाते आणि नंतर कुणी तिकडे फिरकत नाही. कॉल चालू असताना पीडीएफ शोधायला वेळ कुणाला असतो?

आज दुपारच्या शिफ्टला मुलांच्या मागे खुर्ची टाकून बसले आणि हात कुठे अडतात ते पाहिलं. अडचण बटणं आठवण्याची असेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात बटणं बहुतेकांना येतात, गोंधळ होतो तो क्रमाचा. होल्ड आधी की नोट आधी, नोट आधी की ट्रान्सफर आधी, यात प्रत्येकाची पद्धत वेगळी.

4 जून

पहिला मसुदा तयार झाला. झेनडेस्कचे सगळे शॉर्टकट एका तक्त्यात घातले आणि खाली फोनचे कोड दिले. पान भरगच्च झालं, दिसायलाही छान. मग नवीन बॅचमधल्या एका मुलीला ते देऊन खोटा कॉल लावला. मी ग्राहक झाले आणि म्हटलं, "मला बिलिंगवाल्यांशी बोलायचंय." तिची नजर तक्त्यावर वरून खाली गेली, परत वर आली, आणि तेवढ्यात कॉलवर पूर्ण शांतता. शेवटी तिने मान वर करून विचारलं, "मॅडम, यात ट्रान्सफर कुठेय?"

ट्रान्सफर होतं, पण तळाला. कॉल घेणाऱ्याच्या डोक्यात "फोनचे कोड" आणि "सॉफ्टवेअरचे कोड" असे कप्पे नसतात. तिच्या डोक्यात "आता ग्राहकाला थांबवायचंय" एवढंच असतं. म्हणून तक्ता मोडला. नवीन मांडणी कॉलच्या ओघाप्रमाणे: थांबवा, लिहा, जोडा. प्रत्येक पायरीत फोनचं बटण आणि कीबोर्डचं बटण शेजारी शेजारी.

झेनडेस्कचे बहुतेक शॉर्टकट काढून टाकले. उरले ते एवढेच:

```
Ctrl + Alt + N   नवीन तिकीट
Ctrl + Alt + X   अंतर्गत नोट
Ctrl + Alt + M   मॅक्रो
Ctrl + Alt + U   आहे त्याच स्टेटसमध्ये सबमिट
```

`Ctrl + Alt + C` म्हणजे ग्राहकाला जाणारं उत्तर. ते मुद्दाम ठेवलं नाही. आमच्याकडे कॉलवर असताना ग्राहकाला ईमेल लिहायची वेळ येत नाही, आणि ज्या बटणाची गरज नाही ते पानावर दिसलं की हात तिकडे जातो.

6 जून

आजचा सगळा दिवस `*2` मध्ये गेला.

एस्टरिस्कमध्ये कॉल चालू असताना `*2` दाबलं की "ट्रान्सफर" असा आवाज येतो आणि ग्राहकाला संगीत ऐकू येऊ लागतं. मग पुढचं एक्स्टेंशन दाबायचं, पलीकडच्या माणसाशी आधी बोलायचं आणि मग आपला फोन ठेवायचा. फोन ठेवला की ग्राहक तिकडे जोडला जातो. फोनवरही ट्रान्सफरचं बटण आहे, पण आमच्याकडे टेबलावरचे फोन दोन वेगवेगळ्या मॉडेलचे आहेत आणि काही जण लॅपटॉपवरच्या सॉफ्टफोनवर बसतात. प्रत्येकाचं बटण वेगळ्या जागी. `*2` मात्र सगळीकडे सारखं चालतं, म्हणून पानावर तेच.

नवीन मुलांकडून मात्र ते चालेना. दहा वर्षं फोन वापरणाऱ्या टीएलचं दर वेळी लागायचं, नव्या मुलाचं कधी लागायचं, कधी नाही. न लागलं की ग्राहकाच्या कानात दोन टुं-टुं वाजायचे आणि तो विचारायचा, "हॅलो, काय झालं?"

कारण सापडलं ते बोटांकडे बघून. टीएल `*` आणि `2` एका दमात दाबतात. नवा मुलगा `*` दाबतो, पानाकडे बघतो आणि मग `2` दाबतो. एस्टरिस्क या दोन आकड्यांमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे 1000 मिलीसेकंद, म्हणजे एक सेकंद थांबतो. तेवढ्यात दुसरा आकडा आला नाही तर तो हे आकडे साधे टोन समजून सरळ ग्राहकाकडे पाठवतो. पानावर काहीही लिहा, नवशिक्याच्या बोटांना पहिल्या आठवड्यात तो वेग येत नाही.

सर्व्हर बघणाऱ्या दादांना सांगितलं. त्यांनी `features_general_custom.conf` मध्ये एक ओळ घातली आणि सेटिंग पुन्हा लोड केलं:

```
featuredigittimeout=2000
```

आता दोन सेकंद मिळतात. याहून जास्त वाढवायला दादा तयार नव्हते, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. आपला माणूस कॉलमध्येच दुसऱ्या कंपनीच्या आयव्हीआरला `*` दाबत असेल तर तो टोन तेवढा वेळ अडून राहतो. पानावर `*2` च्या शेजारी "लागोपाठ दाबा" एवढं लिहिलं. ज्यांच्याकडे सर्व्हरला हात लावता येत नाही त्यांनी ही सूचना ठळक छापावी आणि मुलांकडून आपसातल्या कॉलवर सराव करून घ्यावा.

9 जून

`*2` लागायला लागलं आणि दुसरा घोळ समोर आला. काही कॉलवर वेळेत दाबूनही काहीच होईना. "ट्रान्सफर" हा आवाजच येत नव्हता.

हे फक्त होल्डवर टाकलेल्या कॉलवर होत होतं. फोनवरचं होल्ड बटण दाबलं की तो कॉल बाजूला ठेवला जातो, आणि त्यानंतर दाबलेले आकडे त्या कॉलमध्ये जातच नाहीत. काही फोन ते नवा नंबर लावतोय असं समजतात आणि व्यस्त टोन देतात. मुलांना वाटायचं लाइन खराब आहे. मग होल्ड काढ, "हॅलो सर" म्हण, परत होल्ड, परत `*2`. या प्रकारात ग्राहक तीन-तीन वेळा संगीत ऐकत होता.

यावर पानावर स्वतंत्र ओळ लागली: आधी होल्ड काढा, ग्राहकाला सांगा, मग `*2`. ही ओळ चौकटीत घातली, कारण ती चुकली की पुढचं सगळं चुकतं. शिवाय होल्ड काढून "मी तुम्हाला बिलिंग विभागाशी जोडून देते" असं सांगणं हे नाहीतरी आमच्या क्यूएच्या गुणांमध्ये आहे. तांत्रिक गरज आणि बोलण्याची रीत इथे एकाच पायरीत बसली.

थेट ट्रान्सफरचा `##` हा कोड फ्रीपीबीएक्समध्ये असतो. त्यात पलीकडे कुणी उचलतंय का हे न बघता कॉल फेकला जातो. टीएल मंडळींना तो हवा होता, कारण झटपट होतो. मी नाही म्हटलं. जेवणाच्या वेळी बिलिंगच्या टेबलावर कुणी नसतं, आणि आपली तक्रार दोनदा सांगून झालेल्या माणसाला रिकाम्या टेबलाची रिंग ऐकवणं बरं नाही. पानावर फक्त `*2`. त्याच्याखाली एक सुटकेचा कोड दिला: पलीकडचा माणूस कॉल घ्यायला तयार नसेल तर `*1` दाबून ग्राहकाकडे परत या.

10 जून

होल्ड आणि म्यूट यांची एक ओळ वाढवली. म्यूटवर ग्राहकाला काहीच ऐकू येत नाही, त्याला वाटतं कॉल कट झाला. खोकला, शिंक याला म्यूट. माहिती शोधायची असेल तर विचारून होल्ड. दोन मिनिटांत परत येऊन "अजून थोडा वेळ लागेल, थांबाल का?" असं विचारायचं, हा आमच्या प्रोसेसचा नियम.

12 जून

आज कीबोर्ड. तीन-चार पीसींवर `Ctrl + Alt + U` दाबलं की सबमिट होण्याऐवजी नोटमध्येच `ū` असं अक्षर उमटत होतं. बाकीच्या पीसींवर सगळं ठीक. झेनडेस्कच्या प्रोफाइल मेनूमधलं "Keyboard shortcuts" तपासलं, तिथे सगळं चालू होतं. ब्राउझरही तोच.

फरक टास्कबारच्या कोपऱ्यात होता. बिघडलेल्या पीसींवर ENG खाली IN लिहिलेलं, चांगल्या पीसींवर US. विंडोजमध्ये `Ctrl` आणि `Alt` एकत्र दाबणं म्हणजे उजवीकडच्या `AltGr` सारखंच धरलं जातं. इंडियाच्या इंग्रजी लेआउटमध्ये `AltGr` ला खास अक्षरं जोडलेली आहेत: 4 वर ₹, आणि a, i, u वर डोक्यावर आडवी रेघ असलेली अक्षरं. त्यामुळे शॉर्टकट सॉफ्टवेअरपर्यंत पोचण्याआधीच त्याचं अक्षर होऊन बसतं.

उपाय सोपा निघाला. `Win + Space` दाबून ENG US निवडायचं. कायमचं करायचं तर सेटिंगमधून इंडियाचा लेआउट काढून टाकायचा. आयटीने सगळ्या पीसींवर तेच केलं. एक गोष्ट मात्र गेली: `Ctrl + Alt + 4` ने ₹ येत असे ते आता येत नाही. नोटमध्ये "रु." लिहायचं ठरलं. बिलिंगवाल्यांना विचारून घेतलं, त्यांना चालतंय.

जे मराठीत नोट लिहितात त्यांच्यासाठी पानावर टीप: शॉर्टकट दाबण्याआधी कोपऱ्यात ENG US आहे ना ते बघा.

16 जून

क्रमाचा प्रश्न आज सुटला, आणि माझ्या मते या पानावरची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

फ्लोअरवर बहुतेक जण आधी ट्रान्सफर करायचे आणि कॉल गेल्यावर नोट लिहायचे. त्यांच्या बाजूने ते सोयीचं, कारण फोन कानावरून गेलेला असतो. पण तेव्हा बिलिंगवाल्याच्या समोर रिकामं तिकीट असतं आणि तो ग्राहकाला पहिल्यापासून विचारायला लागतो. काही जण नोट आधी लिहायचे, पण सबमिट नंतर. झेनडेस्कमध्ये सबमिट न केलेली नोट दुसऱ्याला दिसत नाही. म्हणजे लिहून न लिहिल्यासारखंच.

म्हणून क्रम असा ठरला: होल्ड, नोट, सबमिट, होल्ड काढा, सांगा, `*2`. टीएलबरोबर बसून आजच्या एका खऱ्या तक्रारीवर तो चालवून पाहिला. डोंबिवलीच्या एका काकूंनी वार्षिक देखभालीचे पैसे यूपीआयने भरले होते आणि खात्यातून रक्कम दोनदा गेली होती.

कॉल घेणाऱ्या मुलाने तिकीट उघडलं आणि म्हटलं, "काकू, मी तपशील नोंदवून घेतो आणि बिलिंगला जोडून देतो, दोन मिनिटं होल्डवर ठेवू का?" त्या हो म्हणाल्यावर होल्ड. मग `Ctrl + Alt + X` दाबून त्याने लिहिलं:

"देखभाल नूतनीकरण, यूपीआयने रक्कम दोनदा गेली, दोन्ही 14 जूनला. पावती एकच आली. दुसऱ्या रकमेचा परतावा हवा. दोन्ही व्यवहार क्रमांक ग्राहकाकडे आहेत. बिलिंगला जोडतोय."

`Ctrl + Alt + U` ने सबमिट. होल्ड काढून "काकू, जोडतोय हं, फोन ठेवू नका," मग `*2` आणि लगेच `204`. बिलिंगच्या ताईंनी उचलल्यावर त्याने फक्त तिकीट नंबर आणि "दोनदा पैसे गेलेत" एवढं सांगितलं. त्यांच्या स्क्रीनवर नोट आली, त्या म्हणाल्या "दे," आणि त्याने फोन ठेवला. त्यांचं ग्राहकाशी पहिलं वाक्य होतं, "काकू, ते दोन व्यवहार क्रमांक सांगता का?" काकूंना काहीच परत सांगावं लागलं नाही.

याच चाचणीत दोन अडथळे दिसले. पहिला: सबमिट करताच मुलाच्या स्क्रीनवरून तिकीट गायब झालं आणि पुढचं आलं. त्यामुळे ताईंना सांगायला तिकीट नंबरच समोर नव्हता, तो त्याने आठवणीने सांगितला. सबमिट बटणाच्या शेजारी तिकिटाचं पुढे काय करायचं ते निवडता येतं, आणि त्याच्याकडे "Next ticket in view" होतं. ते "Stay on ticket" केलं. हे प्रत्येकाच्या लॉगिनला वेगळं असतं, म्हणून पानाच्या मागच्या बाजूला "पहिल्या दिवशी एकदा करा" अशी छोटी यादी घातली. कीबोर्ड लेआउटही त्याच यादीत गेला.

दुसरा अडथळा गंभीर होता. मागे एकदा फ्लोअरवरची "ग्राहक खूप चिडलेले आहेत, सांभाळून बोला" ही नोट ईमेलने थेट ग्राहकालाच गेली होती, कारण ती अंतर्गत नोटऐवजी उत्तराच्या चौकटीत लिहिली गेली. ओळखायची खूण सोपी आहे: अंतर्गत नोटची चौकट फिकट पिवळी दिसते, उत्तराची पांढरी. पानावर नोटच्या पायरीची पट्टी मी त्याच फिकट पिवळ्या रंगात केली आणि शेजारी लिहिलं, "चौकट पिवळी असेल तरच लिहा."

तरीही घाईत नजर चुकते. म्हणून अॅडमिनकडून `tr` नावाचा मॅक्रो करून घेतला. त्यात कॉमेंटचा प्रकार खासगी ठरवलेला आहे आणि चार रिकाम्या ओळी आहेत: काय झालं, काय केलं, काय हवंय, कुणाकडे. `Ctrl + Alt + M`, मग `tr`, मग एंटर. चौकट आपोआप पिवळी होते. नवीन मुलांना हाच रस्ता शिकवायचा. जुन्यांना `Ctrl + Alt + X` ची सवय आहे, ते पानावर ठेवलंय, पण लहान अक्षरात.

19 जून

छपाई. स्टेशनजवळ गावदेवीच्या बाजूला झेरॉक्सवाल्याकडे वर्डची फाइल नेली होती. त्यांच्या पीसीवर मुक्ता फॉन्ट नव्हता, दुसराच फॉन्ट लागला आणि ओळी पसरून मजकूर दुसऱ्या पानावर गेला. पीडीएफ करून परत नेली, तेव्हा जसं हवं तसं आलं. फॉन्ट मुक्ता ठेवलाय कारण त्यात देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं एकाच घाटाची आहेत. `Ctrl + Alt + X` मराठी ओळीत उपरं वाटत नाही.

रंगीत प्रिंट 15 रुपये, लॅमिनेशन 40. पहिली प्रत चकचकीत लॅमिनेशनची होती. डेस्कवर ठेवली तर वरच्या ट्यूबलाइटचा उजेड बरोबर मधल्या पायरीवर पडतो आणि वाचता येत नाही. मॅट लॅमिनेशनला 15 रुपये जास्त लागले, पण दुसरा इलाज नव्हता. अक्षरांचा आकार 14 पॉइंट, बटणं 18 पॉइंट ठळक. मॉनिटरच्या पायाशी ठेवलेलं पान मान न वाकवता वाचता आलं पाहिजे, यावर आकार ठरवला.

23 जून

पानं फ्लोअरवर न्यायच्या आधी माहिती सुरक्षा बघणाऱ्या सरांची सही लागते. आमच्या फ्लोअरवर कोरा कागद आणि पेन न्यायला बंदी आहे, ग्राहकाचे तपशील कुणी उतरवून घेऊ नयेत म्हणून. सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. लॅमिनेशनच्या बाहेर कागदाची कड उघडी नको, कारण तिथे लिहिता येतं. आणि नोटच्या पायरीखाली एक ओळ हवी: कार्ड नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी, पिन नोटमध्ये कधीही लिहू नका. ही ओळ मला आधीच सुचायला हवी अशी होती. पीसीआय डीएसएसच्या नियमाप्रमाणे व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही कुठेच साठवता येत नाही, आणि तिकिटातली नोट म्हणजे साठवणच. यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहिलेला चालतो, तोही फरक त्याच ओळीत दिला.

म्हणून पुन्हा छपाई. जुन्या प्रती सरांसमोर फाडल्या.

27 जून

नवीन बॅचचा पहिला आठवडा. `*2` चे अडकलेले कॉल फार थोडे, आणि जे अडकले ते सगळे होल्ड न काढता दाबलेले. म्हणजे चौकटीतली ओळ नजरेतून सुटतेय. पान नीट बघितल्यावर कारण कळलं: ती चौकट "जोडा" या शीर्षकाच्या वर, दोन पायऱ्यांच्या मध्ये तरंगत होती. मुलं "जोडा" पासून वाचायला सुरुवात करतात. आता "होल्ड काढा" हीच "जोडा" ची पहिली पायरी केली, 1 आकडा देऊन. `*2` ला 2 आकडा मिळाला.

रात्रपाळीच्या टीएलने आणखी एक मागितलं. रात्री नऊनंतर बिलिंग बंद असतं, तेव्हा जोडायचं कुठे? उत्तर: जोडायचंच नाही. नोट टाकायची, तिकीट बिलिंगच्या गटाला द्यायचं आणि ग्राहकाला सकाळी फोन येईल असं सांगायचं. हे एका ओळीत पानावर आलं.

2 जुलै

बिलिंगचं टेबल दुसऱ्या मजल्यावर गेलं आणि 204 चं 231 झालं. सगळी पानं एका आकड्यासाठी बाद होऊ नयेत म्हणून एक्स्टेंशनची जागा पानावर रिकामी ठेवली आणि तिथे छोटं छापील स्टिकर लावायचं ठरलं. स्टिकर बदलायचं काम फक्त टीएलचं. पानाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख आहे, नवीन पान देताना जुनं मोजून परत घ्यायचं. मूळ फाइल ट्रेनिंगच्या सामायिक फोल्डरमध्ये आहे, पीडीएफ आणि वर्ड दोन्ही, सोबत मुक्ता फॉन्टची फाइल.